मटकीच्या दोन वाट्या

पुणे, डिसेंबर

बाळा,

तुझी प्रयोगवही काल रात्री निवांत वाचली. एका वाटीतली २० मटकी खिडकीत, दुसरीतली २० स्वयंपाकघरातल्या कपाटात. ‘गृहीतक’ या शब्दापुढे तू काहीतरी लिहून खोडलं आहेस. पान दिव्यासमोर धरलं तेव्हा वाचता आलं: ‘मटकी रुजायला उजेड लागतो.’ त्यावर लिहिलंस, ‘उजेड लागत नाही.’ कपाटातही मोड आले म्हणून बदललंस ना? पहिलं वाक्यच गृहीतक होतं गं. प्रयोगाआधी बांधलेला, खोटा ठरू शकेल असा अंदाज. तो खोटा ठरला म्हणजे प्रयोग फसला असं नाही. ते वाक्य परत लिही आणि शेवटी सांग की ते टिकलं नाही.

निरीक्षणात तू म्हणतेस, ‘अंधारातल्या मटकीला अन्न मिळालं नाही म्हणून ती पिवळी पडली.’ यातलं डोळ्यांना काय दिसलं? फक्त पिवळेपणा. बाकीचं तू ताडलंस, ते अनुमान. खरं निरीक्षण मागच्या पानावर कच्चं पडून आहे: दोन्ही वाट्यांत १८ रुजल्या, आणि पाचव्या दिवशी उजेडातलं रोप साधारण ४ सेंमी, अंधारातलं ९. हे आकडे तुझ्या अनुमानाच्या आड येतात बघ. उपाशी रोप दुपटीहून उंच कसं होईल? मटकीच्या दोन डाळिंब्यांत साठवलेलं अन्न पहिले काही दिवस पुरतं. अंधारात रोप ते खोड लांबवण्यात खर्च करतं, म्हणजे उजेड गाठता येईल. हरितद्रव्य मात्र उजेडाशिवाय तयार होत नाही, म्हणून ते पिवळं आणि लुकडं राहतं.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली वाटी. तुझी खिडकीतली वाटी ती. दोन्ही वाट्यांत उजेडाखेरीज दुसरा कुठलाच फरक नको, तरच तुलनेला अर्थ. इथल्या डिसेंबरच्या रात्री खिडकी गार पडते आणि तुमचं कपाट आहे शेगडीच्या वर. थंडीत आजी मटकीचं फडकं उबेला का ठेवते, विचार तिला. तेव्हा ९ सेंमीमध्ये अंधाराचा वाटा किती आणि उबेचा किती, हे तुझ्या मांडणीतून सांगता येणार नाही.

पुन्हा करताना दोन्ही वाट्या एकाच टेबलावर ठेव. एकीवर स्टीलचं पातेलं पालथं घाल, दुसरीवर तेवढाच काचेचा बाउल, म्हणजे ओलावा दोन्हींकडे सारखाच टिकेल. थेट उन्हात नको, काचेखाली फार तापतं. पाणी चमच्याने मोजून घाल.

आणि अनुमानात ‘मटकी रुजायला उजेड लागत नाही’ एवढंच लिही, ‘बिया’ म्हणू नकोस. लेट्यूसच्या काही जातींच्या बिया उजेडाशिवाय नीट रुजत नाहीत. नवे आकडे आले की वही घेऊन ये.

तुझी,
मावशी