आयएमईआय जुळला, म्हणून फोन खरा?

प्रश्न: ऑनलाइन एका विक्रेत्याकडून गॅलेक्सी एस२३ अल्ट्रा (१२ जीबी/२५६ जीबी) मागवलाय. डिलिव्हरीवाला बॉक्स उघडून बघू देणार आहे, मगच ओटीपी द्यायचा. बॉक्सवरचा आणि फोनमधला आयएमईआय जुळला, अबाउट फोनमध्ये १२ जीबी दिसलं, की ओटीपी द्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे. तेवढ्यावर देऊ नका.

माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. मागच्या वर्षी एक काका हाच फोन घेऊन आले. तक्रार फोन खोटा असल्याची नव्हतीच. म्हणाले, "वरती फाइव्ह-जी लिहून येतंय, पण जिओचं कार्ड धरत नाही. एअरटेल टाकलं तर फोन लागतो, पण नेट गोगलगायीसारखं." फोन त्यांनी एका जाहिरातीवरून साडेसतरा हजारांना घेतला होता. भारतात हा फोन २०२३ मध्ये आला तेव्हा १२/२५६ ची किंमत १,२४,९९९ रुपये होती. पण विकणारा मुलगा म्हणाला होता, "कस्टमचा माल आहे, म्हणून स्वस्त." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

मी आधी `*#06#` दाबलं. दोन आयएमईआय आले. बॉक्सवरच्या स्टिकरवर तेच दोन. मग एसएमएस केला. तो तुम्हीही दारात उभ्या उभ्या करू शकता: मेसेजमध्ये `KYM`, एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, आणि पाठवायचा `14422` वर. ही दूरसंचार विभागाची सोय आहे. संचार साथी पोर्टलवरही हेच बघता येतं, फक्त तिथे आधी तुमच्या नंबरवर ओटीपी येतो. उत्तरात तो आयएमईआय वैध आहे की नाही आणि कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलचा आहे ते येतं. काकांच्या फोनचं उत्तर चोख आलं: सॅमसंग, `SM-S918B`, वैध. एस२३ अल्ट्राचा मॉडेल नंबर हाच.

म्हणजे तुम्ही म्हणता ती परीक्षा हा फोन पास झाला होता. आणि फोन शंभर टक्के डुप्लिकेट होता.

असं होतं कारण आयएमईआय हा नुसता नंबर आहे. पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या एका नगाचे, आणि शेवटचा आधीच्या चौदांवरून गणित करून येतो. डुप्लिकेट बनवणारा कुठल्यातरी खऱ्या फोनचा नंबर उचलतो, आपल्या फोनमध्ये भरतो आणि तोच स्टिकरवर छापतो. गाडीला दुसऱ्याची नंबरप्लेट लावावी तसं. आरटीओत नंबर खराच निघणार. म्हणून आयएमईआयच्या तपासाचा उपयोग उलट्या बाजूने: तो नापास झाला तर खेळ तिथेच संपला. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या महागड्या फोनचा नंबर पाठवला तर उत्तरात भलत्याच कंपनीचा बटणवाला फोन आला होता. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं आलं, तरी बॉक्स परत. पास झाला, तर एवढंच कळलं की नंबर कुठल्यातरी खऱ्या फोनचा आहे. आणखी एक, हा नंबर मॉडेल सांगतो, रॅम-स्टोरेज नाही. २५६ जीबीच्या पैशात कमी स्टोरेजचा दुसरा फोन गळ्यात मारला असेल तर तो इथे पकडला जाईलच असं नाही.

आता अबाउट फोन. हे पान लोकांना फोनचा एक्स-रे वाटतं. अँड्रॉइडमध्ये मॉडेलचं नाव वगैरे एका साध्या मजकुराच्या फाइलमधून येतं, आणि ज्याने फोनचं सॉफ्टवेअरच स्वतः भरलंय त्याला तिथे काहीही लिहिता येतं. पण हे लोक लिहिताना हात आखडता घेत नाहीत, आणि तिथेच सापडतात. काकांच्या फोनच्या त्या पानावर ओळीने होतं: प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ८ जेन २, रॅम १२ जीबी, कॅमेरा २०० मेगापिक्सेल. खऱ्या एस२३ अल्ट्राच्या या पानावर मॉडेलचं नाव, मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि आयएमईआय असतो. प्रोसेसर आणि कॅमेऱ्याची जाहिरात तिथे नसते. रॅम बघायची तर डिव्हाइस केअरमध्ये मेमरीपर्यंत जावं लागतं.

मग मी माझी आवडती गंमत केली. `About phone` मध्ये `Software information`, आणि तिथे `Android version` या ओळीवर भराभर टकटक. प्रत्येक अँड्रॉइडमध्ये गूगलने एक छोटं खेळणं लपवलेलं असतं आणि ते आवृत्तीप्रमाणे बदलतं. पानावर लिहिलं होतं १३. तेराचं खेळणं म्हणजे एक घड्याळ असायला हवं. इथे जे आलं त्यावर जरा टकटक करून बोट दाबून धरलं, तर काळा ऑक्टोपस तरंगायला लागला. ऑक्टोपस अँड्रॉइड ८ चा, म्हणजे २०१७ सालचा. पाटी बदलली, पण मागचं खेळणं बदलायचं राहून गेलं. काका म्हणाले, "हे काय, मासा?"

तुमच्या हातात आलेला फोन अपडेट होऊन १४ किंवा त्याच्या पुढचा दाखवत असेल, तर त्या आवृत्तीचं खेळणं आधी नेटवर बघून ठेवा. आकडा आणि चित्र जुळलं पाहिजे.

दारात खरा भरवसा ठेवायचा तो फोन काय सांगतो यावर नाही, तर काय करून दाखवतो यावर. एस२३ अल्ट्राच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं, कारण त्याच्यात नक्कल करायला महाग अशा दोन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे पेन. खालून एस पेन काढा आणि टोक स्क्रीनपासून अर्धा सेंटिमीटर वर धरा, टेकवू नका. खऱ्या फोनवर पेनाच्या टोकाखाली एक ठिपका येतो आणि पेन हवेत हलवलं की मागे मागे फिरतो, कारण स्क्रीनखाली पेन ओळखणारा वेगळा थर आहे. डुप्लिकेटमध्ये पेन म्हणजे बोटासारखी चालणारी काडी असते, टेकवल्याशिवाय काहीच होत नाही. काकांच्या पेनाने तर टेकवूनही दोनदाच काम केलं.

दुसरी म्हणजे मागचे कॅमेरे. खऱ्या फोनला चार आहेत, डुप्लिकेटमध्ये बहुतेक वेळा एक चालू आणि बाकी नुसत्या काचा. कॅमेरा उघडून झूम ०.६ वर न्या आणि एकेका भिंगावर बोट ठेवत जा. मग १ वर, मग भरपूर उजेडात लांबच्या इमारतीवर १० वर. खऱ्या फोनवर प्रत्येक झूमला वेगळ्या भिंगावर बोट ठेवल्यावर अंधार होतो. तिन्ही वेळा एकच भिंग झाकून अंधार होत असेल, किंवा ०.६ हा पर्यायच नसेल, तर पुढचं काही बघायची गरज नाही. मात्र दहाची परीक्षा जिन्याच्या अंधारात घेऊ नका. उजेड कमी असला की खरा फोनही मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र मोठं करून दाखवतो.

आणि जिओचं चालू सिम व सिमचा ट्रे उघडायची पिन आधीच काढून ठेवा. काकांच्या फोनचं दुखणं इथेच होतं. जिओचं नेटवर्क फोर-जी आणि फाइव्ह-जीच आहे, टू-जी, थ्री-जी त्यांच्याकडे नाहीच. या फोनच्या पोटात मीडियाटेकची `MT6580` नावाची चिप निघाली, जी थ्री-जीपर्यंतच जाते. त्यामुळे जिओ लागणं शक्यच नव्हतं, आणि एअरटेल टू-जीवर रडतखडत चाललं होतं. वरचं फाइव्ह-जी म्हणजे स्टेटस बारवर काढलेलं चित्र. सिम टाका, घरातल्या कुणाला फोन लावा, वायफाय न जोडता एक व्हिडिओ चालवा. काही डुप्लिकेटमध्ये फोर-जी चिपही असते, त्यामुळे जिओ चाललं म्हणून फोन खरा ठरत नाही. चाललं नाही आणि दुसऱ्या फोनमध्ये तेच सिम चालतंय, तर मात्र फोन परत.

चिपचं नाव मला कसं कळलं, ते संगणकाशी खेळणाऱ्यांसाठी सांगतो. डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करून केबलने जोडला आणि:

```
adb shell getprop ro.board.platform
adb shell cat /proc/meminfo
```

पहिल्याचं उत्तर `mt6580` आलं. खऱ्या एस२३ अल्ट्रावर `kalama` येतं, हे स्नॅपड्रॅगन ८ जेन २ चं आतलं नाव. पहिली ओळही त्याच मजकुराच्या फाइलींतून येते, तेव्हा ती खोटी लिहिता येते. इथे आळस केला होता, एवढंच. दुसरीचा आकडा कर्नल देतो, तो खोटा करायला जास्त कष्ट लागतात. `MemTotal` पुढे साडेनऊ लाख केबीच्या आसपास आकडा होता, म्हणजे एक जीबीसुद्धा धड नाही. बारा जीबीच्या फोनवर तो एक कोटीच्या वर असतो. हे दारात जमणार नाही, पण घेतल्यानंतर शंका आली तर त्याच संध्याकाळी करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

दारातला क्रम असा ठेवा. कुरिअरच्या लेबलपासून व्हिडिओ सुरू करा आणि मध्ये थांबवू नका. `*#06#` चे आकडे, बॉक्सवरचे आकडे आणि बिलावर आयएमईआय असेल तर तोही, सगळं एकाच चित्रणात आलं पाहिजे. `14422` ला मेसेज टाका आणि उत्तर येईपर्यंत पेन, कॅमेरा, सिम उरका. मला दहा मिनिटं लागतात, तुम्हाला पंधरा धरा. डिलिव्हरीवाला घाई करणार, त्याला पुढची वीस घरं आहेत. त्याच्याशी भांडू नका, पण ओटीपी हातचा सोडू नका. एकदा दिला की कागदोपत्री तुम्ही माल बघून घेतला असं होतं. फसलाच, तर आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार, मग ग्राहक हेल्पलाइन `1915`.

काकांकडे ओटीपी वगैरे काही नव्हतं. बंद पार्सल आलं, रोख दिले, जाहिरातीतला नंबर दुसऱ्या दिवशी बंद. फोन ते पुतण्याला द्यायचा म्हणत होते, मी देऊ दिला नाही. आयएमईआय बदलणं गुन्हा आहे, आणि ज्या खऱ्या फोनचा नंबर त्यात भरलाय तो उद्या चोरीला गेला आणि ब्लॉक झाला, तर चौकशीचा फोन पुतण्याला येणार.