56 अंश नागपूरच्या विक्रमात का नाही?

प्रश्न : "सर, मी नागपूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. विषय फिजिक्स, मॅथ्स आणि इलेक्ट्रॉनिक्स. 30 मे 2024 ला आपल्या शहरात 56 अंश तापमान नोंदलं गेलं, अशा बातम्या होत्या. तरी उच्चांक म्हणून 47.9 अंशच लिहिलेलं दिसतं. हे कोण ठरवतं आणि कसं? मला हे काम करायचं असेल तर काय शिकावं लागेल?" – एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर :

त्या दिवशी नवतपा चालू होता आणि शहर खरोखरच होरपळत होतं, त्यामुळे 56 चा आकडा अनेकांना पटला. तो कुठून आला, तिथून सुरुवात करू. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या जागेवरच्या स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवलं आणि सोनेगावच्या स्वयंचलित केंद्राने 54. त्याच दिवशी वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेतल्या आणि रामटेकच्या केंद्रांनी मात्र 44 अंश नोंदवलं. हे चारही आकडे मशीननेच पाठवलेले होते.

पडताळणी करणारा माणूस आधी शेजारच्या केंद्रांकडे पाहतो. मे महिन्यातल्या दुपारी जमीन इतकी तापते, की हवा कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत घुसळून निघते. नागपूरच्या आसपास भूभागही बराचसा सपाट आहे. अशा वेळी एकाच शहरातल्या दोन ठिकाणी एक-दोन अंशांचा फरक समजू शकतो, पण बारा अंशांचा फरक पडायला तिथे काही नैसर्गिक कारणच नाही. सिमेंट-डांबराने शहर गरम होतं हे खरं, पण तो परिणाम रात्री जास्त ठळक असतो. शिवाय रामदासपेठेतलं केंद्र शेतजमिनीवर होतं. जगाचा मान्य उच्चांक, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, 56.7 अंश आहे. भारताचा आहे 51, राजस्थानातल्या फलोदीचा, 19 मे 2016 चा. म्हणजे रामदासपेठेचा आकडा खरा मानला तर फलोदीला पाच अंशांनी मागे टाकावं लागेल. नागपूरच्या हवामान केंद्राने हा आकडा बरोबर नसल्याचं लगेच सांगितलं.

तू विचारशील, 54 आणि 56 एकमेकांना दुजोरा देत नव्हते का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दोन केंद्रांची उपकरणं सारख्या जातीची असली, तर ती सारख्याच प्रकारे बिघडू शकतात. दुजोरा वेगळ्या पद्धतीने मोजणाऱ्या उपकरणाचा लागतो. म्हणूनच अधिकृत वेधशाळेत स्टीव्हन्सन पेटी अजून महत्त्वाची आहे. डोळ्यांनी वाचायचे पाऱ्याचे आणि अल्कोहोलचे थर्मामीटर ठेवलेली ही पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असते. तिचं दार उत्तरेला असतं, म्हणजे नोंद घेताना ऊन आत पडत नाही.

आता सेन्सर बिघडतो म्हणजे काय, ते तुझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत पाहू. अनेक केंद्रांत प्लॅटिनमचा रोध मोजून तापमान काढतात. शून्य अंशाला हा रोध 100 ओहम असतो, 44 अंशाला सुमारे 117.1 आणि 56 अंशाला सुमारे 121.7. दोन्हींत फरक आहे फक्त 4.6 ओहमचा. दोन तारांच्या जोडणीत एखादा सांधा गंजला आणि तिथे एवढाच रोध वाढला, तर 44 च्या जागी 56 दिसायला हवेत काही बदल व्हावा लागत नाही. (नागपुरात नेमकं हेच झालं असं मी म्हणत नाही, ते उपकरण उघडून तपासणाऱ्याने सांगायचं.) चार तारांची जोडणी वापरली की तारांचा आणि सांध्यांचा रोध हिशेबातून बाहेर पडतो.

बिघाडाचा प्रकार चोवीस तासांच्या आलेखावरून ओळखता येतो. चूक दिवसरात्र सारखीच असेल, तर सेन्सरच वर सरकलेला आहे. दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने 29 मे 2024 ला 52.9 अंश दाखवलं होतं. हवामान खात्याच्या पथकाने प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा तो सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं. चूक फक्त भर दुपारी, उन्हातच येत असेल, तर सेन्सरवरच्या आवरणाकडे पाहायचं, कारण बहुधा तो हवेऐवजी उन्हाने तापलेलं आवरण मोजत असतो. आणि दोन नोंदींच्या मधे तापमान एकदम उडी मारत असेल, तर बहुतेक वेळा जोडणी ढिली असते.

नीचांकाकडे लोकांचं कमी लक्ष जातं, पण मला तो जास्त शिकवणारा वाटतो. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंश नोंदलं गेलं आणि 7 जानेवारी 1937 चा 3.9 अंशांचा जुना नीचांक मोडला. फरक फक्त 0.4 अंशांचा, त्यामुळे इथे डोळ्यांनी पटणं-न पटणं कामाचं नाही. किमान तापमानाच्या थर्मामीटरमध्ये अल्कोहोल असतं आणि त्यात एक बारीक दर्शक कांडी असते. तापमान उतरताना अल्कोहोलचा पृष्ठभाग कांडीला मागे ओढत नेतो आणि चढताना तिला जागेवर सोडून पुढे जातो. नोंद घ्यायची ती कांडीच्या, थर्मामीटरच्या फुग्यापासून लांब असलेल्या टोकाची. पण थोडं अल्कोहोल वाफ होऊन नळीच्या वरच्या टोकाला जमलं, तर खालचा स्तंभ आखूड होतो आणि थर्मामीटर कायम कमी दाखवू लागतो. तसं झालं तर खोटा नीचांक तयार होतो! हे ओळखायची रीत सोपी आहे. अल्कोहोलच्या टोकाचा आत्ताचा आकडा बाजूच्या साध्या पाऱ्याच्या थर्मामीटरशी जुळतो का, ते पाहायचं. जुळत नसेल तर ती नोंद संशयित. मग प्रत्येक थर्मामीटरसोबत आलेल्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती आकड्यात मिळवायची. 0.4 चा विक्रम अनेकदा या दुरुस्तीवरच टिकतो किंवा पडतो.

चुकीचं टोक वाचल्याने काय होऊ शकतं, याचं उदाहरण लिबियात आहे. अल अझिझिया इथला 13 सप्टेंबर 1922 चा 58 अंशांचा जागतिक उच्चांक जागतिक हवामान संघटनेने 2012 मध्ये, म्हणजे 90 वर्षांनी रद्द केला. मूळ नोंदवही तपासल्यावर समितीला दिसलं, की नोंद घेणारा बहुधा नवखा होता आणि त्याने दर्शकाचं चुकीचं टोक वाचलं असावं. आसपासच्या केंद्रांशीही तो आकडा जुळत नव्हता. त्यामुळे पानावर खाडाखोड करायची नसते, चुकलेला आकडा वाचता येईल असा एका रेघेने छेदून शेजारी दुरुस्ती लिहायची असते. पुढच्या पिढीतल्या तपासणाऱ्याला ते पान लागणार आहे.

कोण ठरवतं, तर नागपूरपुरतं काम सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून सुरू होतं. तिथल्या नोंदी पुण्याच्या राष्ट्रीय विदा केंद्रात जातात. तिथे आकडे पुन्हा चाळले जातात. कमाल तापमान त्या दिवशीच्या कोणत्याही तासाच्या नोंदीपेक्षा कमी तर नाही ना, शेजारच्या केंद्रांशी ते जुळतं का, असे प्रश्न लावले जातात. 23 मे 2013 चा 47.9 हा आकडा अधिकृत मालिकेत आहे. 56 हा नाही.

तुझ्यासाठी दोन वाटा आहेत. हवामान खात्यातलं सायंटिफिक असिस्टंट हे पद कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून भरलं गेलं आहे. मागच्या जाहिरातींत फिजिक्स हा एक विषय असलेली बी.एस्सी. आणि प्रथम श्रेणी मागितली होती, बारावीला फिजिक्स-मॅथ्सही लागलं होतं. ही परीक्षा दरवर्षी होत नाही, म्हणून फक्त तिच्या भरवशावर बसू नकोस. दुसरी वाट म्हणजे एम.एस्सी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे. तिथून पुढे संशोधनाकडे जाता येतं. इलेक्ट्रॉनिक्स मात्र सोडू नकोस. स्वयंचलित केंद्रं वाढत आहेत, आणि सेन्सर प्रमाणित करू शकणारा, शिवाय हवेचं वागणंही समजणारा माणूस सहज मिळत नाही. या वर्षी कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्लॅटिनमचा सेन्सर आधी दोन तारांनी आणि मग चार तारांनी जोडून वितळत्या बर्फात तपासून बघ. दोन्ही आकड्यांतला फरक वहीत लिहून ठेव.