कृषी केंद्रांची उधारी: लिमिट कशी ठरवायची आणि गाडी भरण्याआधी काय पाहायचं

प्रश्न: "आमचं तालुक्याच्या गावी बियाणं, खत, औषधाचं होलसेल आहे. खेड्यातली कृषी केंद्रं उधारीवर माल नेतात. एक जुनं गिऱ्हाईक चेक थोड्याचा देतं अन् माल जास्तीचा नेतं, बाकी फुगतच चालली. नाही म्हटलं तर दुसरीकडे जाईल. प्रत्येकाची लिमिट कशी ठरवावी?"

भाऊ, तुमची पोस्ट वाचून आमचंच जुनं खातं उघडल्यासारखं झालं. मी दारव्हा-दिग्रस पट्ट्यात हाच धंदा करतो. लायसन्स, जीएसटी, दुकानाची माहिती हे सगळं तुम्ही घेतच असाल, त्यात शिरत नाही. मी वकील किंवा सीए नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते आपापल्या माणसाला विचारूनच करा.

पहिलं सांगतो ते आकड्याचं. बहुतेक जण गेल्या वर्षीची सगळ्यात जास्त बाकी पाहतात आणि तीच लिमिट धरतात. "मागच्या साली पाच लाखापर्यंत गेला होता, दिले शेवटी, चालू द्या." पण तो पाच लाखावर गेला तो विक्री जास्त होती म्हणून नाही, पैसे उशिरा दिले म्हणून. म्हणजे जो जितका उशीर करतो त्याची लिमिट तितकी मोठी होते. लिमिट काढायची ती त्याच्या खरेदीवरून आणि आपण कबूल केलेल्या दिवसांवरून.

आमच्याकडचं एक केंद्र घ्या. जुलै आणि ऑगस्टमध्ये ते महिन्याला साधारण अडीच लाखाचा माल उचलतं. आमची मुदत ४५ दिवसांची. दीड महिन्याची खरेदी म्हणजे पावणेचार लाख. तो वेळेवर देणारा असेल तर त्याची बाकी कधीच याच्या वर जायचं कारण नाही. हा माणूस आणखी दोन होलसेलरकडून उधार घेतो हे आम्हाला माहीत आहे, म्हणून खाली उतरून साडेतीन लाख ठरवले. रब्बीत तोच महिन्याला ऐंशी हजाराचा माल नेतो, तर तेव्हाची लिमिट एक लाख वीस हजार. मार्च ते मे शून्य. मागचं सगळं निल झाल्याशिवाय नवीन हंगामाचं बुकिंग घेत नाही. एकाच गिऱ्हाईकाचे असे तीन आकडे असतात आणि ते हंगाम सुरू व्हायच्या आधी त्याला सांगितलेले असतात. वर्षभर एकच आकडा ठेवला तर खरिपाची बाकी रब्बीच्या नावावर लपून बसते.

हा आकडा ताणायचा मोह झाला की एक हिशोब करून पाहा. सगळा खर्च जाऊन शंभरामागे पाच उरत असतील, तर बुडालेले दोन लाख भरून काढायला चाळीस लाखाची विक्री करावी लागते. त्या एका गिऱ्हाईकाकडून तेवढी विक्री चार-पाच वर्षांत तरी होते का?

आता ज्याने आम्हाला सगळ्यात जास्त रडवलं ते सांगतो. पोळ्याच्या आधी एका केंद्राने एक लाख वीस हजाराचा चेक दिला. आमच्या खात्याच्या शाखेत टाकला. मुनीमाने रीतीप्रमाणे टॅलीत त्याच दिवशी जमा केला, बाकी तीन लाख दहा हजारावरून एक लाख नव्वदवर आली. कीड जोरात होती, ऑर्डर आली, लिमिटमध्ये बसत होती, गाडी गेली. नंतर आणखी एक गेली. चेक मात्र केव्हाच परत आला होता. शाखेने ना फोन केला ना मेसेज. चेक आणि त्याचा रिटर्न मेमो त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. विचारायला गेलो तर उत्तर काय, "तुमचा माणूस आला की देणारच होतो." तोवर दोन गाड्यांचा माल शेतात फवारून झाला होता.

पुढचा त्रास त्याहून मोठा. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस, आणि त्यातही पैसे नाही आले तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. कलम १३८ चं हे सगळं गणित तारखांवर उभं आहे. मेमोवर तारीख होती ती चेक परत आल्याची. आमच्या हातात तो कधी दिला हे शाखेने कुठेच लिहिलेलं नव्हतं. "आज दिला" एवढंच लिहून द्या म्हणून विनंती केली, तर तशी पद्धत नाही म्हणाले. मॅनेजर रजेवर, मग ट्रेनिंगला, मग ऑडिट. चेकची मुदत तीनच महिने असते, त्यामुळे तो पुन्हा टाकायलाही फार दिवस उरले नव्हते. कोर्टाची उमेद वकिलांनीच फार दिली नाही. शेवटी गावात बसून, हप्ते पाडून, व्याज सोडून जे आलं ते घेतलं, आणि बरंच आलंच नाही. चूक ज्यांची, त्यांना एक दिवसाचाही ताप झाला नाही, याचा राग मला आजही येतो.

तेव्हापासूनचा नियम असा की चेक म्हणजे पैसे नाहीत. लिमिट तपासताना बाकी धरायची ती चेक वजा न करता. वरचाच आकडा घ्या. लेजरला एक लाख नव्वद दिसत होते, ऑर्डर एक लाख चाळीसची, बेरीज तीन लाख तीस, म्हणजे साडेतीनच्या आत. खरी बाकी तीन लाख दहा, शिवाय तीस हजाराचा माल चालानवर गेलेला आणि बिल व्हायचं राहिलेलं. म्हणजे तीन लाख चाळीस. जागा होती फक्त दहा हजाराची, आणि गाडी निघाली एक लाख चाळीसची. त्यामुळे चालानचा माल आणि न वटलेले चेक यांची वही आम्ही वेगळी ठेवतो. गोडाऊनमधून पेट्या काढण्याआधी लेजरच्या बाकीत हे दोन्ही मिळवायचे, मग ऑर्डर मिळवायची, आणि मग लिमिटशी ताडायचं. ऑर्डर घेणारा आणि गाडी सोडणारा माणूस एकच नसावा. ऑर्डर घेणाऱ्याला विक्री दिसते, बाकी दिसत नाही.

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग क्लिअरिंगला जातात, त्यामुळे पूर्वीइतकं थांबावं लागत नाही. तरी बँकेच्या निरोपाची वाट पाहू नका, स्टेटमेंट स्वतः पाहा. मेमो हातात पडला की पोच देताना आपल्या सहीखाली तारीख टाका आणि त्याचा फोटो ठेवा. शाखा ऐकत नसेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. आम्हाला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

एकूण बाकी लिमिटमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, सगळ्यात जुनं बिल किती दिवसांचं आहे ते पाहा. काही जण नवीन बिलं फेडत राहतात आणि जूनचं एक बिल तसंच ठेवतात. बाकी बरी दिसते, पण ते बिल मालाच्या भांडणाचं असतं किंवा पैसा दुसरीकडे गेलेला असतो. टॅलीत खातं बिलवार ठेवा, आणि पैसे घेताना कोणत्या बिलाचे ते त्याच्याकडूनच लिहून घ्या. आमच्याकडे ६० दिवसांच्या वरचं एकही बिल असलं तर लिमिटमध्ये जागा असूनही उधार माल जात नाही. यावर लोकांची मतं वेगळी असतील. पाऊस लांबला, दुबार पेरणी झाली, तर मी स्वतः पंधरा दिवस वाढवतो. पण ते कोणी, का आणि कोणत्या तारखेपर्यंत वाढवलं हे वहीत लिहिलेलं असतं.

ऑर्डरकडेही नीट पाहा. सोयाबीनचं उगवणीनंतरचं तणनाशक पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत मारून संपतं. ऑगस्टच्या अखेरीस कोणी त्याच्या वीस पेट्या मागत असेल तर तो माल त्याच्या गावच्या शेतात जाणार नाही. तो दुसऱ्या तालुक्यात पडत्या भावाने विकून कोणाचं तरी देणं भागवतोय. तसंच, ज्याची ऑर्डर नेहमी पन्नास-साठ हजाराची, तो एकदम दोन लाखाची मागतो आणि भावाची घासाघीसही करत नाही, तिथे थांबा. अशा वेळी मी फोन करत नाही, दुकानात जाऊन येतो. मागच्या आठवड्याचा माल रॅकवर आहे का, खताच्या थप्पीमागे जागा रिकामी आहे का, हे चहा पिता पिता दिसतं. gst.gov.in वर त्याचा जीएसटी नंबर टाकला की त्याने GSTR-3B वेळेवर भरलं की नाही तेही दिसतं. भरायची तारीख उलटून दोन-तीन महिने झाले तरी भरलेलं नसेल तर त्याच्याकडे रोख नाही असं समजून चाला.

लायसन्स कोणाच्या नावावर आहे तेही पाहा. औषधाच्या लायसन्सला शेतीचं शिक्षण लागतं, म्हणून कित्येक ठिकाणी ते पुतण्याच्या किंवा सुनेच्या नावावर असतं आणि व्यवहार काका करतात. वसुलीच्या वेळी काका म्हणतात दुकान माझं नाही, पुतण्या म्हणतो मी माल घेतला नाही. लिमिटच्या कागदावर दोघांच्याही सह्या घ्या. आणि उद्यम नोंदणी आहे म्हणून ४५ दिवसांनंतरचं व्याज कायद्याने मिळेल या भरवशावर राहू नका. आपण व्यापारी, माल बनवणारे नाही. व्यापाऱ्याला त्या नोंदणीचा फायदा बँकेच्या कर्जापुरताच दिलेला आहे.

कंपनीचा सेल्स ऑफिसर महिनाअखेरीला "भाऊ, एवढं प्लेसमेंट करून टाका" म्हणेल. त्याचं टार्गेट होतं, उधारी आपल्या नावावर राहते. स्कीमसाठी लिमिट वाढवायची नाही असं माझं स्पष्ट मत आहे, मग त्यात परदेशाची सहल का असेना.

तुमच्या त्या गिऱ्हाईकाला तोडू नका, पण आजची बाकी आजच गोठवा. तिला जुनं खातं म्हणा. नवीन माल रोखीने, आणि प्रत्येक गाडीमागे जुन्यातले थोडे. एक लाखाचा माल हवा तर एक लाख पंधरा हजार आधी खात्यात जमा, मग गाडी. शेतकऱ्याकडे पैसा सोयाबीन विकल्यावर आणि कापसाचा पहिला वेचा झाल्यावर येतो, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास. मोठा हप्ता तेव्हाचा ठरवा आणि त्या काळात दर आठवड्याला स्वतः जा, कारण तेव्हा बाकीचे दोन होलसेलरही येणारच. त्याच्याआधी बाकी मान्य असल्याच्या पत्रावर तारखेसह सही घ्या. वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. मुदत संपायच्या आत अशी सही घेतली की ती त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. पैसे नसले तरी सही द्यायला तो सहसा नाही म्हणत नाही. सहीलाच टाळाटाळ करायला लागला तर पंधरा हजाराची वाट न पाहता थेट वकिलाकडे जा.