Cp − Cv = R मधला R उष्णतेच्या हिशोबात येतो कुठून?

प्रश्न: "पुस्तकात दिलंय की आदर्श वायूची स्थिर दाबाची मोलर उष्माधारकता वजा स्थिर आकारमानाची मोलर उष्माधारकता म्हणजे R. पण R तर PV = nRT मधला, दाब आणि आकारमानाचा. तो उष्णतेच्या वजाबाकीत कसा घुसला? आणि त्या वाक्यातला 'मोलर' शब्द गाळला तर काही बिघडतं का?"

बिघडतं, पण ते नंतर. आधी R कुठून आला ते बघू, आणि त्यासाठी सूत्र बाजूला ठेवून सरळ एक सिलिंडर घेऊ.

सिलिंडरमध्ये १ मोल नायट्रोजन, तापमान ३०० केल्विन, वर घर्षण नसलेला दट्ट्या, दट्ट्याचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंमी आणि दाब १,००,००० पास्कल, म्हणजे साधारण हवेचाच. पहिल्यांदा दट्ट्या खिळवून टाका आणि वायू ३०१ केल्विनपर्यंत तापवा, साधारण २०.८ ज्यूल लागतील. हीच स्थिर आकारमानाची मोलर उष्माधारकता, Cv. आता परत ३०० वर आणा, दट्ट्या मोकळा सोडा आणि तेवढंच एक केल्विन तापवा. यावेळी लागतात २९.१ ज्यूल. ही Cp. वायू तोच, तापमानवाढ तीच, तरी ८.३ ज्यूल जास्त गेले.

ते गेले दट्ट्या वर ढकलण्यात. PV = RT मध्ये दाब तोच ठेवून तापमान एकाने वाढवलं की आकारमान R/P इतकं वाढतं, म्हणजे इथे ८३.१४ घन सेंमी. १०० चौरस सेंमीच्या दट्ट्यासाठी याचा अर्थ ८.३१४ मिमी वर सरकणं. दट्ट्यावर बाहेरून दाबणारं बल १००० न्यूटन, त्याला ०.००८३१४ मीटरने गुणा, काम आलं ८.३१४ ज्यूल. वजाबाकीत जो फरक दिसला तो हाच.

आता दाब दुप्पट करून बघा. बल २००० न्यूटन होईल, पण वायू आधीच अर्ध्या जागेत दाबलेला असल्यामुळे तो पसरेलही निम्माच, ४.१५७ मिमी. गुणाकार पुन्हा तोच. P × (R/P) मध्ये P उडून जातो आणि उरतो नुसता R. म्हणून मी तरी R ला 'एक मोल आदर्श वायू स्थिर दाबाखाली एका केल्विनने तापला की बाहेर जेवढं काम करतो ते काम' असंच वाचतो, पुस्तकी नाव काहीही असो. एककंही हेच सांगतात, ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन, जी मोलर उष्माधारकतेची तीच R ची. पास्कल गुणिले घनमीटर म्हणजे ज्यूलच होतात, त्यामुळे दाब-आकारमानाचा R आणि उष्णतेचा R असे दोन वेगळे R नाहीतच.

पण इथे एक गोष्ट हळूच गृहीत धरली गेली, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. २९.१ मधले ८.३ कामात गेले, ठीक, पण उरलेले बरोबर २०.८ च का? दुसऱ्या वेळी वायू पसरलाय ना, रेणू एकमेकांपासून लांब गेलेत, मग त्या लांब जाण्याला वेगळी ऊर्जा नको का लागायला? आदर्श वायूत नाही लागत, कारण त्याच्या रेणूंमध्ये आकर्षणच धरलेलं नाही, अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर ठरते, जागा किती आहे याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणून दट्ट्या खिळवलेला असो की मोकळा, एका केल्विनसाठी अंतर्गत ऊर्जा तेवढीच वाढते. (यामुळेच आदर्श वायूसाठी ΔU = nCvΔT हे आकारमान बदलत असलं तरी चालतं. Cv लिहिलंय म्हणजे आकारमान स्थिरच हवं असं समजून बरेच जण इथे अडतात.)

रॉबर्ट मायरने १८४२ मध्ये याच फरकावरून किती उष्णता म्हणजे किती काम याचा हिशोब मांडला होता, म्हणून या सूत्राला मायरचा संबंध म्हणतात. पसरण्यासाठी आतल्या आत उष्णता खर्च होत नाही यावर त्याचा सगळा हिशोब उभा होता. ते ज्यूलने १८४५ मध्ये तपासलं, २२ वातावरण दाबाची हवा एका भांड्यातून दुसऱ्या रिकाम्या भांड्यात सोडली, भोवतीच्या पाण्याचं तापमान बदललेलं दिसलं नाही. अर्थात एवढ्या पाण्यात हवेचा बारीकसा बदल दिसणं अवघडच होतं, आणि पुढे थॉमसनबरोबर सच्छिद्र बोळ्यातून वायू सोडून बघितला तेव्हा खऱ्या वायूचं तापमान थोडं बदलतं हे सापडलंच. म्हणजे खऱ्या वायूत फरक अगदी R नसतो. साध्या दाबाला नायट्रोजनमध्ये ही खोट जवळजवळ दिसत नाही, कार्बन डायऑक्साइडमध्ये फरक R पेक्षा जरा जास्त येतो, आणि दाब वाढवत नेला की आणखी बिघडतो.

वायूचे रेणू एका अणूचे की दोन, याने मात्र वजाबाकीला काही होत नाही. हेलियमची Cv १२.५, Cp २०.८. नायट्रोजनचा रेणू गिरक्या घेतो, त्यालाही ऊर्जा लागते म्हणून त्याचे दोन्ही आकडे मोठे, पण ती जास्तीची ऊर्जा दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे वजाबाकीत उडून जाते. (हेलियमची Cp आणि नायट्रोजनची Cv दोन्ही २०.८ ना, हो, दोन्ही ५R/२, तक्ता वाचताना यात लोक हमखास गोंधळतात.)

आता 'मोलर'. प्रति ग्रॅम आकडे घेतले तर हेलियमसाठी फरक ८.३१४ भागिले ४ म्हणजे साधारण २.०८, आणि नायट्रोजनसाठी भागिले २८ म्हणजे ०.३० च्या आसपास. प्रत्येक वायूचा वेगळा. सगळ्यांचा फरक एकच येतो तो मोलमागेच, कारण दट्ट्या किती सरकणार हे रेणू किती आहेत यावर ठरतं, ते किती जड आहेत यावर नाही. त्यामुळे 'मोलर' गाळून नुसती विशिष्ट उष्मा लिहिली तर पुढे R लिहिणं चूक, R भागिले मोलर वस्तुमान लिहावं लागेल. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे Cp ज्यूलमध्ये घेऊन त्यातून ०.०८२१ वजा करणं. तो R लिटर-वातावरणातला आहे, १०१.३ ने गुणला की ८.३१४ होतो. Cp आणि Cv जवळजवळ सारखे आले की ओळखायचं हीच चूक झालीये.

आणि 'आदर्श वायू' हे शब्दही गाळू नका. पाणी एका केल्विनने तापलं तर फारच थोडं पसरतं, २५ अंश सेल्सिअसला त्याच्या दोन मोलर उष्माधारकतांमधला फरक ७५ मध्ये जेमतेम ०.८ आहे, आणि ४ अंशाला, जिथे ते पसरतही नाही नि आकसतही नाही, तिथे तो शून्य होतो. म्हणून पाण्याच्या बाबतीत बरेचदा नुसतंच 'मोलर उष्माधारकता' लिहिलेलं चालून जातं, वायूच्या तक्त्यात मात्र स्थिर काय ठेवलंय ते लिहावंच लागतं.