प्रथिनं २०.३० ग्रॅम की नुसती २०? मॅक्रोच्या बेरजेत किती दशांश ठेवावेत?

प्रश्न: रोजचं खाणं मी एक्सेलमध्ये लिहितो. कालच्या दुपारच्या जेवणात प्रथिनं २०.३० ग्रॅम आली. काही पाकिटांवर आकडा पूर्ण असतो, काहींवर एक-दोन दशांश असतात. सगळं पूर्णांकात आणू का? आणायचं तर बेरजेच्या आधी की नंतर?

उत्तर: प्रथिनं, कर्ब आणि फॅट पूर्ण ग्रॅममध्ये लिहा, कॅलरी दहाच्या पटीत. पण हे बेरीज झाल्यावर, शेवटी एकदाच करायचं. मधल्या ओळींना हात लावू नका.

तुमच्या पानात काय होतं ते मला माहीत नाही, म्हणून माझंच साधं जेवण घेतो. योगायोगाने त्याचीही बेरीज २०.३० येते. दोन पोळ्यांची कणीक काट्यावर ६० ग्रॅम भरली. शंभर ग्रॅम कणकेत प्रथिनं सुमारे १०.६ ग्रॅम धरली, म्हणजे ६.३६. चार जणांसाठी दीडशे ग्रॅम तूरडाळ शिजवली होती, माझा वाटा चौथा, म्हणजे ३७.५ ग्रॅम. डाळीत शंभराला २१.७ धरून ८.१४. दही शंभर ग्रॅम, डब्यावर ४ लिहिलेलं, म्हणून ४. दुधीच्या भाजीचे अंदाजाने १.८. एकूण २०.३०.

आता यातला प्रत्येक आकडा किती पक्का आहे? कणीक ठीकच म्हणायची. दह्याच्या डब्यावर ४ छापलंय याचा अर्थ आतला आकडा साडेतीन ते साडेचारच्या मध्ये कुठेही असू शकतो. दोनशे ग्रॅम खाल्लं तर ही अर्ध्या ग्रॅमची शंकाही दुप्पट होते, हे बरेच जण विसरतात. भाजीचं १.८ तर मी डोळ्यांनीच ठरवलं, त्यात एक ग्रॅम इकडचा तिकडे सहज होईल. पण खरी गडबड वरणात आहे. आमच्याकडे पातेल्यातून पळीने वाढतात. तळाची घट्ट डाळ कुणाच्या वाटीत आणि वरचं पाणी कुणाच्या, याचा हिशेब कोण ठेवतो? माझ्या वाट्याला ३० ग्रॅम डाळ आली असेल किंवा ४५. म्हणजे प्रथिनं साडेसहा ते पावणेदहा. एकट्या वाटीत तीन ग्रॅमची ओढाताण असताना बेरजेत ०.३० लिहिणं म्हणजे फुटक्या पातेल्यात पाणी मोजून घेणं. सगळ्या शंका एकाच दिशेला जात नाहीत, काही एकमेकींना खातात. तरी दोनेक ग्रॅमची शिल्लक राहतेच. म्हणून मी '२०' लिहितो आणि मनात '१८ ते २२' वाचतो.

बेरीज तिच्यातल्या सगळ्यात कच्च्या ओळीइतकीच पक्की असते. त्यामुळे दशांश किती ठेवायचे हे ठरवताना सगळ्यात नेमकी ओळ बघू नका, सगळ्यात ढोबळ ओळ बघा.

छापील तक्त्यातल्या दशांशांबद्दल थोडं सांगतो, कारण काही वर्षं मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. नेहमीच्या पद्धतीत आम्ही प्रथिनं थेट मोजतच नाही. नायट्रोजन मोजतो आणि त्याला एका ठरावीक अंकाने गुणतो. सर्वसाधारण अंक ६.२५ आहे, गव्हासाठी बरेचदा ५.७ घेतात. कणकेत १.७ टक्के नायट्रोजन सापडला, तर पहिल्या अंकाने प्रथिनं १०.६ येतात आणि दुसऱ्याने ९.७. पोतं तेच, परीक्षानळीही तीच! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत आकडे दोन दशांशांपर्यंत दिलेत, पण त्यांच्यापुढे ± लावून फरकही छापलाय. तूरडाळीच्या प्रथिनांना तो अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आहे. आपण एक्सेलमध्ये उतरवताना ± गाळतो आणि दशांश तेवढे ठेवतो.

मग ओळीओळीतच पूर्णांक का करू नये? कारण बारीक पदार्थ गायब होतात. एक मारी बिस्कीट सहा ग्रॅमच्या आसपास असतं, त्यात प्रथिनं साधारण ०.४ ग्रॅम. चहासोबत एकेक करून दिवसभरात सहा खाल्ली आणि प्रत्येक नोंद गोल केली, तर सहाही शून्य होतात. खरे २.४ ग्रॅम गेले कुठे? शिवाय माणूस प्रथिनं वर ओढतो आणि फॅट खाली, हेही मी स्वतःवरून सांगतो. काम सूत्रावर सोडलं की हात चालवायला जागा राहत नाही:

```
=ROUND(SUM(C2:C20),0)
=MROUND(SUM(F2:F20),10)
```

C मध्ये प्रथिनं आणि F मध्ये कॅलरी असं धरलंय.

कॅलरीला दहाची पट का, तर फॅटमुळे. प्रथिनं आणि कर्बाला ग्रॅममागे ४, फॅटला ९, हेही गोल केलेलेच अंक. वरच्या जेवणात कर्ब ७२ आणि फॅट १४ धरलं, तर ८० + २८८ + १२६, म्हणजे ४९४ येतात. पण पोळीला लावलेलं आणि फोडणीतलं तेल मी 'दोन चमचे' म्हणून लिहिलंय. चमचा सपाट होता की ओसंडत होता, यात दोन ग्रॅम सहज जातात, म्हणजे १८ कॅलरी. त्या ४ ला काही अर्थ उरत नाही. मी ४९० लिहितो, आणि खरं सांगायचं तर ५०० लिहिलं तरी माझी हरकत नसते. पाकिटावरच्या कॅलरी आणि तुमचा गुणाकार यांच्यात पाच-दहाचा फरक दिसला, तर तो असाच गोल केल्याने आलेला असतो, त्यामागे लागू नका.

पन्नास-शंभराचा फरक दिसला तर मात्र थांबा. तिथे प्रश्न दशांशाचा नसतो, ओळच चुकलेली असते. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे शिजवलेलं वरण १५० ग्रॅम तोलायचं आणि ते कोरड्या तूरडाळीच्या ओळीत भरायचं. प्रथिनं येतात ३२.५५ ग्रॅम. दोन दशांश बघून आकडा इतका खात्रीचा वाटतो की वाटीभर पातळ वरणात एवढी प्रथिनं कशी, हे विचारायचंच राहून जातं. मी स्वतः पंधरा दिवस हेच करत होतो. त्या पंधरा दिवसांची सरासरी काढूनही उपयोग नव्हता. पळीतला कमी-जास्तपणा सरासरीत विरतो, रोज एकाच दिशेने होणारी चूक विरत नाही.

दशांश खरोखर लागतात अशी एक जागा मी पाहिली आहे. अपस्मार असलेल्या मुलांना काही वेळा डॉक्टरांच्या देखरेखीखाली किटोजेनिक आहार देतात. तिथे फॅटचं बाकीच्यांशी प्रमाण सांभाळायचं असतं, म्हणून लोणीसुद्धा ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलतात. वाटीत उरलेलं रबरी चमच्याने पुसून मुलाला भरवतात, कारण काट्यावर पकडलेला तो दशांश वाटीला चिकटून राहिला तर हिशेब बिघडतो.