पेंटाव्हॅलंटच्या एकाच सुईत दोन तऱ्हांच्या लसी

प्रश्न: बाळाला दीड महिन्याची पेंटाव्हॅलंट दिली. त्यात धनुर्वाताचं टॉक्सॉइड असतं आणि हिब या जिवाणूवरची लस कॉन्ज्युगेट असते, असं वाचलं. दोन्ही जिवाणूंचेच आजार ना, मग लस दोन तऱ्हांची कशाला?

कारण हे दोन जिवाणू वेगवेगळ्या वाटेने घात करतात. धनुर्वाताचा जिवाणू जखमेत एका जागी बसून राहतो. जीव घेतं ते त्याचं विष. ते नसांमधून मज्जारज्जूपर्यंत चढतं आणि स्नायूंना सैल करणारे संदेश थांबवतं, म्हणून जबडा आवळतो आणि पाठ धनुष्यासारखी ताणते. त्यामुळे इथे शरीराला जिवाणूची नाही, विषाची ओळख करून द्यायची असते. फॉर्मल्डिहाइडने विषाची मारकता घालवतात, पण शरीराला ओळखू येईल इतकं त्याचं रूप टिकतं. हे टॉक्सॉइड. त्यावर बनलेली प्रतिपिंडं खरं विष नसेत शिरण्याआधीच धरतात; शिरल्यावर त्यांचा इलाज चालत नाही. हे विष इतकं जहाल आहे, की जीव घेईल एवढी मात्राही प्रतिकारशक्ती जागी करायला अपुरी पडते. म्हणून धनुर्वातातून उठलेल्या माणसालाही आम्ही लस देतोच.

हिब स्वतःच रक्तात घुसतो. त्याच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं आवरण असतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. मी शिकत असताना वॉर्डात हिबमुळे मेंदूज्वर झालेली तान्ही बाळं यायची. पाठीतून काढलेलं पाणी नितळ असायला हवं, ते ताकासारखं गढूळ निघायचं. तो रंग मी विसरलेलो नाही.

या आवरणावरच प्रतिपिंडं हवीत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना टी पेशींची मदत लागते. टी पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात, ही साखर त्यांना दिसतच नाही. त्या मदतीशिवाय दोन वर्षांखालचं बाळ साखरेला जेमतेम प्रतिसाद देतं, आणि आठवणही राहत नाही. अमेरिकेत 1985 साली नुसत्या साखरेची लस आली, पण ज्या तान्ह्यांना धोका सर्वांत जास्त, त्यांच्या ती कामाची नव्हती.

तोड अशी निघाली: साखर एका प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडायची. हीच कॉन्ज्युगेट लस. बी पेशी साखर पकडून गिळते, तिच्यासोबत प्रथिनही आत जातं. मग ती प्रथिनाचे तुकडे बाहेर मांडते, टी पेशी ते ओळखून मदत करते, आणि बी पेशी प्रतिपिंडं बनवते ती मात्र साखरेवरची. दोन्ही नुसती एकत्र कालवून भागत नाही. एकाच पेशीच्या पोटात दोन्ही जायला हवीत. आपल्याकडच्या पेंटाव्हॅलंटमध्ये हिबच्या साखरेला जोडलेलं हे प्रथिन बहुधा धनुर्वाताचं टॉक्सॉइडच असतं!

एक फरक पालकांनी जरूर लक्षात ठेवावा. कॉन्ज्युगेट लसीमुळे घशात हिब बाळगणारी मुलं कमी होतात, म्हणून शेजारच्या बाळालाही आडोसा मिळतो. धनुर्वात मातीतून येतो, त्यात शेजाऱ्याची लस कामाची नाही. तेव्हा 10 आणि 14 आठवड्यांचे डोस चुकवू नका, आणि पुढे दीड वर्षाच्या सुमाराचा बूस्टरही.