नेमसर्व्हर बदलल्यावर मेल बंद: ४८ तास थांबण्याआधी हे बघा

प्रश्न: "डोमेन तेच ठेवून होस्टिंग बदललं, नवे नेमसर्व्हर टाकले. मोबाइलवर नवी साइट दिसते, ऑफिसच्या वायफायवर जुनीच. कालपासून मेलही कमी कमी होत बंद झाले. कंपनी म्हणते ४८ तास थांबा. थांबू का?"

साइटसाठी थांबा, मेलसाठी अजिबात थांबू नका. आमच्या दुकानाच्या डोमेनला नेमकं हेच झालं होतं, आणि होस्टिंगवाले प्रत्येक फोनला "प्रोपगेशन चालू आहे" एवढंच सांगत राहिले. स्वतःच्या सर्व्हरवर काय नोंदलंय हे एकानेही उघडून पाहिलं नाही, याचा मला आजही राग येतो.

ऑफिसच्या वायफायला जुना पत्ता अजून लक्षात आहे. त्याची टीटीएलची मुदत संपली की तो नवा विचारेल. .com च्या नेमसर्व्हर नोंदींची टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर ४८ तास असते. पण मुदत संपल्यावर विचारणा नव्या नेमसर्व्हरकडे जाते, आणि तिथे मेल कुठल्या सर्व्हरवर पोचवायचे हे सांगणारी एमएक्स नोंदच नसेल तर? जुन्या नोंदी आपोआप नव्या जागी येत नाहीत. जसजशी एकेका ठिकाणची मुदत संपते तसतसे मेल कमी होत जातात. म्हणजे थांबल्याने हे उलट बिघडतं.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये थेट नव्या नेमसर्व्हरलाच विचारा (नावं तुमची घाला):

```
nslookup -type=mx example.com ns1.example.net
```

उत्तरात `mail exchanger` ची ओळ आली आणि त्यात तुमच्या मेलवाल्याचंच नाव असलं, तर नोंद ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा. ओळच नसेल, तर वर्षभर थांबलात तरी फरक पडणार नाही. मेलवाल्याने दिलेल्या एमएक्स नोंदी नव्या पॅनलमध्ये भरा. तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणारी एसपीएफची टीएक्सटी नोंदही बघा, नाहीतर तुमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जाऊ शकतात.

मधल्या काळातल्या मेलचं काय? एमएक्स नसली की पाठवणारा सर्व्हर साइटच्याच पत्त्यावर मेल द्यायला बघतो. तिथे मेल घेणारं कुणी नसेल तर बहुतेक सर्व्हर काही दिवस पुन्हा प्रयत्न करतात, ते मेल उशिरा मिळतील. पण नव्या होस्टिंगवर मेल सर्व्हर चालू असेल, तर तो "असा पत्ता नाही" म्हणून परत पाठवतो, किंवा तुमच्या नावाचा मेलबॉक्स तिथे बनलेला असेल तर त्यात टाकून ठेवतो. तो वेबमेल उघडून बघाच. आमच्या दोन ऑर्डरी तिथे पडून होत्या आणि सपोर्टवाल्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मी नेटवर्कवाला नाही, धंद्यापुरतं शिकलोय. तुमच्या पॅनलची मांडणी वेगळी असू शकते. जुनं होस्टिंग मात्र इतक्यात बंद करू नका, जुन्या नोंदींची यादी अजून तिथेच आहे. तिचा आजच स्क्रीनशॉट काढा.